हायब्रिड घड्याळाचे काटे चुकीची वेळ दाखवतात तेव्हा: काटे पुन्हा जुळवण्याचा अनुभव

तबकडीवर खरे काटे आणि त्यांच्या खाली लपलेला पडदा, अशा रचनेचं एक घड्याळ माझ्याकडे आलं. मनगट उचललं की पडदा उजळत होता, मेसेज दिसत होता, पावलांची मोजणी बरोबर होती. काटे तेवढे चुकत होते. पडद्यावर आकड्यांत २:४० दिसत असताना मिनिट काटा ३७ च्या रेघेवर उभा होता आणि तास काटा २ आणि ३ यांच्या बरोबर मध्ये.

अशा वेळी घड्याळ मागे पडतंय असं समजून बहुतेक जण सगळ्यात आधी वेळ बदलायला जातात. पण या घड्याळाला वेळ नीट माहीत होती, नाहीतर पडद्यावर २:४० आलेच नसते. आपला काटा प्रत्यक्षात कुठे उभा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून इथे वेळेची सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नसतो. काट्यांचा शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो, आणि त्यालाच काटे जुळवणं किंवा कॅलिब्रेशन म्हणतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी चूक नीट मोजून घ्यावी, कारण कारण शोधायला ते मोजमाप लागतं. २:४० ला मिनिट काटा ४० च्या रेघेवर हवा. तो ३७ वर होता, म्हणजे तीन मिनिटं मागे. एका मिनिटाचे ६ अंश धरले तर १८ अंश मागे. तास काटा एका तासात ३० अंश चालतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. २:४० ला तो २ ते ३ मधल्या वाटेचा दोन तृतीयांश भाग संपवून ८० अंशांवर असायला हवा. तो बरोबर मध्ये, म्हणजे ७५ अंशांवर होता. ५ अंशांची ही चूक तास काट्याच्या हिशोबाने दहा मिनिटांची झाली. मिनिट काटा तीन मिनिटं मागे आणि तास काटा दहा मिनिटं मागे, हा मेळ साध्या काट्यांच्या घड्याळात सहसा बसत नाही, कारण तिथे दोन्ही काटे एकाच चाकमाळेने बांधलेले असतात. इथे तो बसला, म्हणजे या घड्याळात दोन्ही काट्यांना वेगळी मोटर आहे आणि दोन्ही आपापल्या जागी चुकलेत. तुमच्या घड्याळात दोन्ही काटे एकमेकांशी सुसंगत राहून सारखेच मागे-पुढे असतील, तर आत बहुधा एकच मोटर आहे, आणि जुळवणीच्या मेनूतही दोन्ही काटे एकत्रच हलतील.

अर्ध्या तासाने, ३:१० ला, पुन्हा पाहिलं. मिनिट काटा ७ च्या रेघेवर होता, म्हणजे फरक तेवढाच, तीन मिनिटांचा. ही दुसरी नोंद फार कामाची असते. मोटर काटा छोट्या छोट्या टप्प्यांनी सरकवते, त्या एकेका टप्प्याला इथे पाऊल म्हणतो. फरक स्थिर असेल तर पूर्वी कधीतरी मोटरची पावलं हुकली आहेत आणि आता ती ठीक चालते आहे. अशा घड्याळाला जुळवणी पुरते. दर तासाला फरक वाढतच असेल तर पावलं अजूनही हुकताहेत, आणि कारण दूर केल्याशिवाय जुळवणी टिकणार नाही. तिसराही एक प्रकार आहे: चूक बरोबर एक तासाची किंवा बरोबर अर्ध्या तासाची, आणि पडद्यावरची वेळही तशीच चुकलेली. तो काट्यांचा दोष नाही. फोनमधला टाइम झोन किंवा सिंक पाहावं, काट्यांना हात लावू नये.

आता पावलं हुकतात म्हणजे काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. या घड्याळांत काटे फिरवणारी मोटर बहुतेक वेळा लॅव्हे प्रकारची स्टेपर मोटर असते. फ्रेंच अभियंता मारियस लॅव्हे यांनी ती १९३६ मध्ये शोधली, आणि आजची बहुतेक क्वार्ट्झ काटे-घड्याळं तिच्यावरच चालतात. तिच्या मध्यभागी एक इवलासा कायमचुंबक असतो. वेटोळ्यातून विजेचा छोटा झटका गेला की हा चुंबक अर्धा फेरा फिरतो आणि तिथेच ठरतो. पुढचा झटका उलट्या दिशेच्या विजेचा असतो, तेव्हा तो उरलेला अर्धा फेरा पुरा करतो. मधली दातेरी चाकं ही गती कमी करून काट्यापर्यंत नेतात.

घड्याळ फक्त झटके मोजतं. इतके झटके दिले म्हणजे काटा इतका पुढे गेला असणार, एवढाच त्याचा हिशोब. काटा खरंच गेला का, हे पाहणारा डोळा बहुतेक हायब्रिड घड्याळांत नसतो. (कॅसिओच्या टफ मूव्हमेंट प्रकारात तो असतो. तिथे चाकांना भोकं पाडलेली असतात, त्यांतून प्रकाश पलीकडे पोचतो का हे तपासून घड्याळ काटे आपणच दुरुस्त करतं. ही सोय सगळीकडे असती तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.)

एक झटका वाया गेला की त्याच्या पुढचाही वाया जातो, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. समजा पहिल्या झटक्याने चुंबकाला अ बाजूकडून ब बाजूकडे न्यायचं होतं आणि तो हललाच नाही. पुढचा झटका ब कडून अ कडे नेणारा. पण चुंबक तर अ वरच बसलेला आहे, त्यामुळे तो झटकाही काही करत नाही. तिसऱ्या झटक्याला गाडी पुन्हा चालू लागते. म्हणून नुकसान जोडीने होतं. काट्याचं एक पाऊल १ अंशाचं असेल तर एका चुकीने काटा २ अंश मागे राहतो. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचीही हीच गत आहे, पण तिथे सेकंदाला एकच पाऊल असतं आणि ते एकाच दिशेने. हायब्रिड घड्याळात मेसेज आला की काटे पडद्यावरून बाजूला होतात, मेसेज वाचून झाला की परत येतात. भराभर दिलेले शेकडो झटके, त्यांतले निम्मे उलट्या दिशेचे. पाऊल हुकायची खरी संधी इथे असते, आणि म्हणून दिवसभर भरपूर नोटिफिकेशन येणाऱ्या घड्याळात ही तक्रार जास्त दिसते.

पाऊल हुकवणारी कारणं तीन. पहिलं आणि सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे बाहेरचा चुंबक. मोटरच्या आतलं चुंबक लहान आहे, त्याच्याजवळ टॅबलेटच्या कव्हरचा चुंबक, इअरफोनची डबी, वायरलेस चार्जर, स्पीकर किंवा पर्सचा चुंबकी हुक आला की ते तिकडे ओढून धरलं जातं आणि झटका अपुरा पडतो. चुंबक दूर गेला की मोटर पूर्ववत चालते, तिला कायमची इजा सहसा होत नाही. हुकलेली पावलं मात्र हुकलेलीच राहतात. दुसरं कारण जोराचा धक्का. तिसरं बॅटरी. बॅटरी अगदी तळाला गेली किंवा फार थंडीत तिचा विजेचा दाब पडला, आणि त्याच क्षणी पडदा, कंपन आणि दोन मोटरी एकदम चालू झाल्या, की झटका कमी ताकदीचा मिळतो. घड्याळ पूर्ण बंद पडलं असेल तर आणखी एक घोटाळा होतो: काटा शेवटी कुठे होता याची नोंद जुनी राहते आणि सुरू झाल्यावर घड्याळ त्या जुन्या नोंदीवर विश्वास ठेवतं. बॅटरी शून्यावर गेल्यानंतर काटे चुकलेले दिसले तर शोधाशोध न करता सरळ जुळवून घ्यावेत.

माझ्याकडच्या घड्याळाची जागा रात्री टॅबलेटच्या चुंबकी कव्हरवर होती. रात्रभर मेसेज येत राहायचे, प्रत्येक मेसेजला काटे हलायचे, आणि ते चुंबकापासून जेमतेम काही मिलिमीटरवर. दोन्ही काटे मागेच पडले होते, याचाही अर्थ लागतो. पुढे जाताना पावलं हुकली तर काटा मागे राहतो, उलट येताना हुकली तर पुढे राहतो.

आता प्रत्यक्ष जुळवणी. आधी घड्याळ निम्म्याहून जास्त चार्ज करून घ्यावं आणि चार्जरवरून काढावं. बहुतेक चार्जरच्या तळाला घड्याळ धरून ठेवणारे चुंबक असतात, म्हणून चार्जरवर ठेवूनच काटे जुळवणं टाळावं. फोनवर डू नॉट डिस्टर्ब चालू करावं, नाहीतर ऐन वेळी मेसेज येतो आणि काटे पळतात. घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर सपाट ठेवावं.

पडद्यालाच स्पर्श चालत असेल तर तबकडीवर बोट दाबून धरलं की मेनू येतो. त्यातल्या सेटिंगमध्ये Align Hands किंवा Calibrate Hands अशा नावाची ओळ असते. पडद्याला स्पर्श चालत नसेल तर हेच काम फोनमधल्या ॲपमधून होतं: घड्याळाच्या पानावर जाऊन Calibration. ॲपमधून करताना फोन हातभर अंतरात ठेवावा आणि शेवटचं Save किंवा Done येईपर्यंत ॲप मागे टाकू नये. मध्येच बाहेर पडलं तर काटा हललेला असतो आणि नोंद जुनीच राहते, म्हणजे चूक आणखी वाढते.

मेनू उघडला की काटे बाराकडे जातात, निदान घड्याळाला तसं वाटतं. माझ्यासमोर मिनिट काटा ५७ वर आणि तास काटा बाराच्या किंचित अलीकडे येऊन थांबला. चूक आधी मोजली होती तीच इथे उघडी पडली: १८ अंश आणि ५ अंश. इथे आपण करायचं ते एवढंच, की बाण दाबून काटा खरोखर बारावर आणायचा आणि घड्याळाला सांगायचं, हे बारा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. समोर बाराची रेघ असूनही कित्येक जण काटे त्या वेळच्या तासावर नेऊन ठेवतात. २:४० वाजलेत म्हणून काटे २:४० वर लावले आणि बरोबरची खूण दाबली, तर घड्याळ त्या जागेलाच बारा समजतं. मग तिथून पुढे २ तास ४० मिनिटं मोजतं आणि काटे ५:२० वर जाऊन बसतात. पुढे तीन वाजता ५:४० दिसतात. तुमचं घड्याळ जुळवणीनंतर दोन-तीन तास पुढची वेळ दाखवायला लागलं असेल, तर जुळवताना किती वाजले होते ते आठवून पाहा. फरक तेवढाच निघाला तर हेच झालंय. पुन्हा जुळवा, यावेळी बारावर. काही ॲप मात्र बाराऐवजी दुसरी खूण मागतात, तेव्हा पडद्यावर जे लिहिलंय तेच प्रमाण धरावं.

आधी कुठला काटा हलवायचा, हे घड्याळ ठरवतं. बाण एकदा दाबून पाहावा आणि कुठला काटा हलतो ते बघावं. दोन्ही काटे बाराजवळ एकावर एक आलेले असतात, त्यामुळे अंदाजाने चालत राहिलं तर गोंधळ होतो. बाण थोडक्यात दाबला की एक पाऊल, दाबून धरला की भराभर. लांबचं अंतर दाबून धरून कापावं, शेवटचे दोन-तीन अंश एकेका पावलाने.

काटा बाराच्या पुढे गेला तर एक पाऊल मागे घेऊन थांबू नये. दातेरी चाकांच्या दात्यांमध्ये थोडा मोकळेपणा असतो. उलट दिशेने येऊन थांबलेला काटा त्या मोकळेपणाच्या दुसऱ्या कडेला टेकलेला असतो, आणि पुढे चालू लागला की पहिली एक-दोन पावलं मोकळेपणा भरून काढण्यातच जातात. परिणामी काटा कायम किंचित मागे राहतो. म्हणून चार-पाच पावलं मागे जावं आणि पुन्हा घड्याळाच्या नेहमीच्या दिशेने येऊन बारावर थांबावं. शेवटची हालचाल नेहमी पुढची असावी. एवढ्या एका सवयीने माझ्या अनुभवात उरलीसुरली अर्ध्या मिनिटाची चूक जाते.

दुसरी काळजी नजरेची. काटा तबकडीपासून थोडा वर असतो, त्यामुळे तिरकं पाहिलं तर तो सरकलेला भासतो. मिनिट काट्यात हे फारसं जाणवत नाही, तास काट्यात जाणवतं. समजा तास काटा तबकडीपासून अर्धा मिलिमीटर वर आहे आणि त्याचं टोक मध्यापासून ९ मिलिमीटरवर. ३० अंश तिरकं पाहिलं तर टोक सुमारे ०.३ मिलिमीटर सरकलेलं दिसतं. त्या त्रिज्येवर ते जवळजवळ २ अंश झाले, म्हणजे तास काट्यावर चार मिनिटं. लपलेल्या पडद्याच्या तबकडीवर रेघाही कमी असतात, आधार घ्यायला फार काही नसतं. मी एक डोळा मिटून, बरोबर वरून पाहतो आणि काट्याचं टोक, मधली खीळ आणि काट्याची शेपटी या तिन्ही गोष्टी बारा ते सहा या एका रेषेत येतात का ते बघतो. त्याहून सोपा उपाय फोनच्या कॅमेऱ्याचा: फोन तबकडीला समांतर, हातभर उंचीवर धरून झूम करून फोटो काढावा. लांबून काढलेल्या फोटोत तिरकेपणा जवळजवळ उरत नाही, आणि फोटो मोठा करून काटा आरामात तपासता येतो.

दोन्ही काटे बारावर आले, तास काटा मिनिट काट्याखाली पूर्ण झाकला गेला, की खूण दाबायची. घड्याळ स्वतःहून काटे खऱ्या वेळेवर नेतं. माझ्यासमोर मिनिट काटा वळसा घालून पडद्यावरच्या मिनिटावर गेला आणि तास काटा त्याच्या अपूर्णांकासकट आपल्या जागी बसला.

खूण दाबली म्हणजे काम संपलं असं समजू नये. पहिली तपासणी सरळ रेषेची: सहा वाजता दोन्ही काटे एका रेषेत दिसायला हवेत, तीन आणि नऊ वाजता काटकोनात. आपल्या डोळ्याला सरळ रेषा मोडलेली फार लवकर कळते, म्हणून सहाची तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. दुसरी तपासणी काटे बाजूला होण्याची. पडदा उघडावा, काटे बाजूला होऊ द्यावेत, पडदा बंद करावा. असं दहा-पंधरा वेळा करून मिनिट काटा पुन्हा त्याच मिनिटावर येतो का पाहावं. मधल्या काळात मिनिट बदलेल तेवढं धरून चालायचं. बाजूला झालेले काटेही सांगतात: काही घड्याळांत ते दहा आणि दोनच्या दिशेला सममित उभे राहतात. एक काटा अक्षरांवर आडवा येऊन थांबत असेल तर त्याचा शून्यबिंदू अजून चुकीचा आहे. माझ्याकडच्या घड्याळात मेसेजची पहिली ओळ आधी काट्याखाली झाकली जात होती, जुळवणीनंतर मोकळी झाली.

इतकं करूनही काटे पुन्हा चुकले तर आधी आठवडाभर ठेवायची जागा बदलून पाहावी: चुंबकी कव्हर, चार्जर, स्पीकर यांच्यापासून वीतभर लांब. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो, त्यामुळे एवढं अंतर पुरतं. पट्टा चुंबकी कडीचा असेल तर तोही काही दिवस बदलून पाहावा. या घड्याळाची जागा बदलल्यावर चूक परत आली नाही.

तरीही चूक येत राहिली तर मग दोष आतला, आणि तो बाहेरूनही बराचसा ओळखता येतो. घड्याळ उभं धरून हलकेच तळहातावर आपटावं. काटा खाली झुकला किंवा नुसता डुलला तर तो आपल्या नळीवर सैल झालाय. काटा नळीवर फक्त घट्ट दाबून बसवलेला असतो, जोराच्या धक्क्याने ही पकड सुटते. जुळवणी केली की तो दिवसभर ठीक वाटतो आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा सरकतो. काटा दर वेळी तबकडीच्या एकाच जागी अडखळत असेल तर त्या चाकात कण अडकला असण्याची शक्यता मोठी. आणि दोन काटे एकमेकांवरून जाताना अडखळत असतील तर एखादा काटा वाकून दुसऱ्याला घासतोय. त्यासाठी बारानंतर पुढची भेट, म्हणजे सुमारे १:०५, नजरेखालून घालावी. काच बाजूने पाहिली तर काट्यांमधली फट कुठे मिटलीय ते दिसतं.

या तिन्ही दोषांना घड्याळ उघडावं लागतं आणि ते घरी करू नये. काट्यांच्या खालीच पडदा आहे, काटा उपसायच्या साधनाचा दाब थेट त्याच्यावर येतो. शिवाय उघडल्यावर पाणी रोखणारं रबरी कडं बदलून दाबाची चाचणी करून घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या हात धुण्यात ओल आत शिरते. दुरुस्तीला देताना नुसतं ‘वेळ चुकते’ असं सांगू नये. पडद्यावरची वेळ बरोबर असते, कुठला काटा किती मिनिटं चुकतो, पुढे की मागे, चूक स्थिर आहे की वाढते, आणि जुळवणी करून झाली आहे, हे लिहून सोबत द्यावं. सोबत काटे चुकलेले आणि पडद्यावर खरी वेळ दिसते आहे असा एक फोटो ठेवावा, कारण दुकानात नेईपर्यंत घड्याळ पुन्हा बरोबर दाखवत असेल तर तेवढाच पुरावा हाती राहतो.